ऑफर लेटर हातात, पण नोकरी नाही: शैक्षणिक कर्जाच्या मोरॅटोरियमला मुदतवाढ कशी मागायची

माझ्या भाच्याला अंतिम वर्षात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर मिळालं. नाशिकच्या सिडकोतल्या घरी पेढे वाटले गेले. रुजू होण्याची तारीख आधी ऑगस्ट २०२४ होती, मग ती जानेवारी २०२५ झाली, मग ईमेल येणंच बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये चार ओळींचा निरोप आला की व्यवसायाच्या बदललेल्या गरजांमुळे ऑफर मागे घेत आहोत. तोपर्यंत कॉलेजचा पुढच्या बॅचचा प्लेसमेंट सीझनही उरकला होता. आणि बँकेच्या कागदावर पहिल्या हप्त्याची तारीख होती १० ऑगस्ट २०२५.

मी एका सरकारी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काही वर्षं काम केलं आहे. त्या टेबलासमोर अशी मुलं बहुतेक वेळा दोन-तीन हप्ते थकल्यावर यायची, आणि तेव्हा फार काही करता येत नसे. हीच मुलं तीन महिने आधी आली असती तर काम झालं असतं, ही खंत मला कायम राहिली. म्हणून भाच्याच्या अर्जाच्या निमित्ताने सगळा मार्ग क्रमाने लिहितो आहे. प्लेसमेंट झालीच नाही अशा मुलांनाही यातला बहुतेक भाग लागू पडेल, पण ऑफर मिळून बुडाली असेल तर एक-दोन जास्तीचे अडथळे असतात, ते नीट समजून घ्या.

आधी तारीख पक्की करा

कर्जाचं मंजुरीपत्र आणि करारनामा बाहेर काढा. त्यात परतफेड कधी सुरू होणार हे लिहिलेलं असतं. इंडियन बँक्स असोसिएशनची जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना सरकारी बँका वापरतात, तिच्यात २०१५ च्या सुधारणेपासून मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता भरावा लागत नाही तो काळ, अभ्यासक्रमाचा काळ अधिक एक वर्ष एवढा असतो. त्याआधीच्या कर्जांमध्ये ‘अभ्यासक्रमानंतर एक वर्ष किंवा नोकरी लागल्यावर सहा महिने, यातलं जे आधी’ अशी अट असायची. तुमच्या कागदावर ही जुनी अट असेल तर ऑफर लेटर बँकेला आधीच दिलं होतं का, हे आठवा. दिलं असेल तर बँकेच्या नोंदीत तुम्ही नोकरीला लागलेले असण्याची शक्यता आहे, आणि हप्ता तुमच्या समजापेक्षा आधी सुरू झालेला असू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम ‘संपला’ ती तारीख. बँक मंजुरीच्या वेळी अंदाजाने एक महिना टाकते. विषय राहिल्यामुळे किंवा विद्यापीठाची परीक्षा पुढे गेल्यामुळे तुमचं शिक्षण प्रत्यक्षात उशिरा संपलं असेल तर ती वेगळी मागणी आहे. अभ्यासक्रम लांबल्याबद्दलची मुदतवाढ योजनेत स्वतंत्रपणे, दोन वर्षांपर्यंत, दिलेली आहे. ती आधी शेवटच्या सत्राची गुणपत्रिका जोडून दुरुस्त करून घ्या. नोकरी न मिळाल्याची मुदतवाढ त्यानंतर मागा. दोन्ही कारणं एकाच अर्जात घातली की अर्ज वाचणारा अधिकारी कुठलं कलम लावायचं या विचारात पडतो आणि फाइल बाजूला राहते.

भाच्याच्या बाबतीत तारखा सरळ होत्या. अभ्यासक्रम ऑगस्ट २०२० ते जुलै २०२४, मोरॅटोरियम ३१ जुलै २०२५ पर्यंत.

मागायचं ते नेमक्या नावाने मागा

‘साहेब, थोडी मुदत द्या’ अशी विनंती बँकेत कुठल्याच रकान्यात बसत नाही. आदर्श योजनेत बेरोजगारीचा काळ आणि अपुऱ्या रोजगाराचा काळ यांसाठी मोरॅटोरियम देण्याची तरतूद आहे: कर्जाच्या संपूर्ण आयुष्यात दोन-तीन वेळा, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने. अर्जात याच तरतुदीचा उल्लेख करायचा. म्हणूनच एकदम एक वर्ष किंवा दोन वर्षं मागू नका. सहा महिने मागा. नोकरी मिळाली नाही तर पुन्हा अर्ज करता येतो.

मात्र ही योजना म्हणजे बँकांसाठी नमुना आहे. प्रत्येक बँक आपल्या संचालक मंडळाच्या धोरणानुसार ती स्वीकारते, आणि मुदतवाढ देणं हा बँकेच्या अधिकारातला निर्णय राहतो, तुमचा हक्क होत नाही. शाखेत जाऊन आधी एवढंच विचारा, ‘आपल्या बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या परिपत्रकात बेरोजगारीच्या काळासाठी मोरॅटोरियमचं कलम आहे ना? त्याची मंजुरी कोण देतं?’ खाजगी वित्त कंपनीकडून कर्ज असेल तर ही योजना तिला लागू नसते, तिथे करारनाम्यातली अटच पाहावी लागते.

अपुरा रोजगार हा शब्द लक्षात ठेवा. सातपूर-अंबडच्या कंपनीत कुणी बारा-पंधरा हजारांवर अप्रेंटिस म्हणून लागलं असेल, तर ते लपवू नये. अशा मुलालाही मुदतवाढ मागता येते. उलट लपवलं आणि पगार त्याच बँकेच्या बचत खात्यात जमा होताना दिसला, तर अर्जातल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

सहा महिन्यांची किंमत आधी मोजा

मोरॅटोरियम म्हणजे हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. हा मुद्दा सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण कागदावर आकडे मांडले की निर्णय बदलू शकतो. म्हणून जरा सावकाश पाहू.

भाच्याने दरवर्षी दीड लाख असे चार वर्षांत सहा लाख उचलले होते. हिशेबाला सोपं जावं म्हणून व्याजदर १० टक्के धरू. मोरॅटोरियमच्या काळात व्याज सरळ पद्धतीने लागतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन आणि चौथ्यावर दोन वर्षांचं, असं मिळून २,१०,००० रुपये व्याज ३१ जुलै २०२५ पर्यंत साठलं. त्या दिवशी ते मुद्दलात मिळवलं जातं आणि कर्ज होतं ८,१०,०००. दहा वर्षांच्या परतफेडीला हप्ता बसतो १०,७०४ रुपये.

आता सहा महिने मुदतवाढ मिळाली, तर प्रश्न असा की या सहा महिन्यांचं व्याज कशावर लागणार? साठलेलं व्याज मुदतवाढ संपल्यावरच मुद्दलात मिळवलं, तर व्याज सहा लाखांवर लागेल, म्हणजे ३०,०००. पण बँकेने ते मूळ तारखेलाच मिळवून टाकलं, तर व्याज ८,१०,००० वर लागेल, म्हणजे किमान ४०,५००. साडेदहा हजारांचा फरक फक्त एका नोंदीच्या तारखेमुळे पडतो, आणि अर्ज करताना शंभरात एखादाच हे विचारतो.

दुसरा प्रश्न शेवटच्या हप्त्याच्या तारखेचा. पहिला प्रकार धरला तर सहा महिन्यांनी कर्ज ८,४०,००० असेल. परतफेडीची पूर्ण १२० महिन्यांची मुदत पुढे सरकवली तर हप्ता सुमारे ११,१०० होतो. पण शेवटची तारीख तीच ठेवली, म्हणजे परतफेडीला ११४ महिनेच उरले, तर तोच हप्ता सुमारे ११,४४० होतो. आदर्श योजनेत परतफेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत असल्याने तारीख पुढे सरकवायला सहसा जागा असते. पण ती मागावी लागते.

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना ज्यांना मिळाली आहे, म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत, त्यांनी वेगळी काळजी घ्यायची. ते अनुदान अभ्यासक्रम अधिक एक वर्ष एवढ्याच काळाचं असतं. वाढवून घेतलेल्या सहा महिन्यांचं व्याज तुमच्याच डोक्यावर बसतं. माझे दाजी अंबडच्या एका कंपनीत कायम कामगार आहेत, त्यांचं उत्पन्न मर्यादेच्या थोडं वर गेलं, त्यामुळे अनुदान मिळालं नव्हतं आणि व्याज पूर्ण साठलं.

हे आकडे पाहून दाजी म्हणाले, ‘मग मुदतवाढ नकोच, मी भरतो हप्ता.’ घरात दुसरा कमावता असेल आणि ओढाताण न होता हप्ता जात असेल तर खरोखरच मुदतवाढ घेऊ नये, असं माझंही मत आहे. पण दाजींच्या पगारातून घराचा हप्ता आधीच जात होता. दोन महिने भरून तिसऱ्या महिन्यात अडकण्यापेक्षा चाळीस हजारांची किंमत मोजलेली बरी, असा हिशेब आम्ही केला.

पुरावे, आणि त्यातला अवघड कागद

बँकेला दोन गोष्टी पटवायच्या असतात: नोकरी खरंच हुकली आहे, आणि मुलगा प्रयत्न करतो आहे. पहिलीसाठी ऑफर लेटर, रुजू होण्याची तारीख पुढे ढकलल्याचे ईमेल आणि ऑफर मागे घेतल्याचा ईमेल हे तिन्ही तारखेच्या क्रमाने लावा. ईमेलचं नुसतं मोबाइलवरचं चित्र देऊ नका. पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल अशी पूर्ण पानाची प्रिंट काढा. कंपनीने काहीच कळवलं नसेल, नुसतीच गप्प बसली असेल, तर तुम्हीच एक ईमेल पाठवा, ‘माझी रुजू होण्याची तारीख कळवावी’, आणि पंधरा दिवसांनी दुसरा. उत्तर न आलेले हे दोन ईमेलही पुरावाच आहेत. हे न करता गेलात तर बँकेच्या हातात फक्त तुमचं ऑफर लेटर राहतं, आणि त्यावर तर चांगला पगार छापलेला असतो. अधिकारी तो आकडा पाहून म्हणतो, ‘याला कशाला मुदत?’

अवघड कागद म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याचं पत्र. ‘या विद्यार्थ्याला प्लेसमेंट मिळाली नाही’ असं लिहून द्यायला कॉलेज कचरतं, कारण त्यांच्या माहितीपत्रकात तो मुलगा ‘प्लेस्ड’ म्हणून मोजलेला असतो. भाच्याला तीन वेळा ‘सोमवारी या’ ऐकावं लागलं. चौथ्या वेळी तो मजकूर स्वतःच टाइप करून घेऊन गेला, आणि त्यात कॉलेजला झोंबेल असा एकही शब्द नव्हता:

‘सदर विद्यार्थ्याची कॅम्पस मुलाखतीद्वारे नोव्हेंबर २०२३ मध्ये निवड झाली होती. कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सदर निवड रद्द केल्याचे विद्यार्थ्याने महाविद्यालयास कळविले आहे. त्याच्या विनंतीवरून हे पत्र बँकेस सादर करण्यासाठी देण्यात येत आहे.’

यात कॉलेज काहीच कबूल करत नाही, फक्त घडलेलं सांगतं. दहा मिनिटांत सही-शिक्का मिळाला. मजकूर आपण तयार करून नेला की समोरच्याची जबाबदारी आणि भीती दोन्ही कमी होतात, हे सरकारी कामातही चालतं.

प्रयत्नांसाठी राज्य सरकारच्या महास्वयम् पोर्टलवर (rojgar.mahaswayam.gov.in) नोंदणी करा. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राशी जोडलेली ही नोंदणी घरबसल्या होते आणि तिची प्रिंट मिळते. नोंदणीची तारीख अर्जाच्या आदल्या दिवशीची असू नये, एवढं पाहा. त्यासोबत कुठे-कुठे अर्ज केले, मुलाखती कधी झाल्या याची एक पानाची यादी. शेवटी बचत खात्याचा सहा महिन्यांचा उतारा, ज्यात पगार जमा होत नाही हे दिसतं, आणि सहकर्जदार पालकाचा पगाराचा कागद. काही शाखा बेरोजगारीचं प्रतिज्ञापत्र मागतात. मागितलं तरच करा.

अर्ज

अर्ज एका पानाचा असावा. घरची परिस्थिती दोन वाक्यांत, मागणी स्पष्ट आकड्यांत. भाच्याचा अर्ज जसा होता तसाच देतो, ओळख पटेल असे तपशील काढून.

> प्रति,
> शाखाधिकारी,
> (बँक व शाखा), नाशिक.
>
> विषय: शैक्षणिक कर्ज खाते क्र. (…) : बेरोजगारीच्या कारणास्तव मोरॅटोरियमला सहा महिने मुदतवाढ मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी वरील खात्याचा कर्जदार असून माझे वडील सहकर्जदार आहेत. मी जुलै २०२४ मध्ये संगणक अभियांत्रिकीची पदवी पूर्ण केली. मंजुरीपत्रानुसार मोरॅटोरियम ३१ जुलै २०२५ रोजी संपत असून पहिला हप्ता १० ऑगस्ट २०२५ रोजी देय आहे.
>
> माझी कॅम्पस मुलाखतीतून नोव्हेंबर २०२३ मध्ये निवड झाली होती. कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलून एप्रिल २०२५ मध्ये निवड रद्द केली. तेव्हापासून मी नोकरीच्या शोधात असून आजपर्यंत नियमित उत्पन्न नाही. संबंधित कागदपत्रे जोडली आहेत.
>
> तरी शैक्षणिक कर्ज योजनेतील बेरोजगारीच्या काळासाठीच्या तरतुदीनुसार पुढीलप्रमाणे विनंती आहे:
>
> १. मोरॅटोरियम १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जानेवारी २०२६ असा सहा महिने वाढवून पहिला हप्ता १० फेब्रुवारी २०२६ रोजी ठेवावा.
>
> २. या काळात व्याज सरळ पद्धतीने आकारून साठलेले व्याज मुदतवाढ संपल्यानंतरच मुद्दलात मिळवावे.
>
> ३. परतफेडीची १२० महिन्यांची मुदत कायम ठेवून शेवटच्या हप्त्याची तारीख सहा महिने पुढे न्यावी.
>
> ४. निर्णय होईपर्यंत माझ्या खात्यावर हप्त्याची वसुली नोंद पाठवू नये.
>
> या काळात नोकरी मिळाल्यास मी पंधरा दिवसांत कळवीन. आपला निर्णय लेखी मिळावा ही विनंती.
>
> कर्जदाराची सही, सहकर्जदाराची सही
> सोबत: कागदपत्रे १ ते ८

सहकर्जदाराची सही विसरू नका. ती नसली म्हणून परत आलेले अर्ज मी स्वतः हाताळले आहेत. जामीनदार वेगळा असेल तर त्याचीही सही लागते, कारण कर्जाची अट बदलते आहे. अर्ज मराठीत द्यायला काहीच हरकत नाही. पण फाइल वरच्या कार्यालयात जाणार असेल आणि तिथला अधिकारी दुसऱ्या राज्यातला असेल, तर सोबत इंग्रजी प्रत जोडलीत तर भाषांतरासाठी ती अडत नाही.

महिन्याला थोडी रक्कम भरणं शक्य असेल तर तेही अर्जात लिहा. दोन हजार का होईना, नियमित येणारी रक्कम अधिकाऱ्याच्या शिफारशीचं वजन वाढवते आणि तुमचं साठणारं व्याजही कमी करते.

द्यायचा कधी आणि कसा

पहिल्या हप्त्याच्या किमान दोन महिने आधी. शाखाधिकाऱ्याला बहुतेक वेळा स्वतःच्या सहीने मुदतवाढ देता येत नाही. तो शिफारस करतो आणि फाइल कर्ज केंद्रात किंवा विभागीय कार्यालयात जाते. तिथून एखादी शंका परत येते, तिचं उत्तर जातं, आणि मधे महिनाअखेर येतो, ज्यात कुणाकडेच वेळ नसतो.

भाचा २ जून २०२५ ला, सोमवारी, शाखेत गेला. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, ‘ठेवून जा, साहेब बघतील.’ इथे बहुतेक मुलं ठेवून घरी येतात. त्याला मी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्याने दुसरी प्रत पुढे केली. ‘मॅडम, यावर पोच द्याल का? आवक क्रमांक टाकून.’ त्या क्षणभर थांबल्या, मग आवक नोंदवही ओढली, क्रमांक घातला, जांभळा गोल शिक्का मारला आणि तारीख पेनाने लिहिली. तो क्रमांक पुढे अडीच महिने कामाला आला, कारण फोनवर ‘तुमचा अर्ज सापडत नाही’ म्हणणाऱ्याला तो सांगितला की अर्ज सापडत असे.

पोच द्यायला नकार मिळाला तर तोच अर्ज शाखेच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि टपालाने पोचपावतीसह रवाना करा. प्रत्यक्ष दिलेला असला तरी ईमेल पाठवाच.

निर्णय येण्याआधी हप्त्याची तारीख आली तर

अर्ज दिला म्हणजे हप्ता थांबला, हा समज सगळ्यात महागात पडतो. बँकेचं संगणकीय खातं तुमचा अर्ज ओळखत नाही. १० ऑगस्टला हप्ता न भरला गेला तर त्याच दिवशी खातं थकबाकीत जातं. ३० दिवसांनी, ९ सप्टेंबरला, ते पुढच्या धोक्याच्या गटात जातं, ९ ऑक्टोबरला त्याच्याही पुढच्या, आणि हप्ता तसाच राहिला तर ८ नोव्हेंबरला, नव्वद दिवस भरले की, एनपीए, म्हणजे थकीत म्हणून वर्गीकृत झालेलं कर्ज. एकदा एनपीए झालं की ते परत नियमित व्हायला सगळीच्या सगळी थकबाकी भरावी लागते, आणि अशा खात्याला या कलमाखाली मुदतवाढ मिळणं जवळजवळ अशक्य होतं. ही नोंद मुलाच्या नावावर जाते तशी सहकर्जदार वडिलांच्याही नावावर जाते. दाजींना पुढे कधी कर्ज लागलं तर तिथेही ती दिसली असती.

म्हणून पहिल्या हप्त्याएवढी रक्कम बाजूला ठेवा. दाजींनी ठेवली होती. ऑगस्ट उजाडला तरी मंजुरी आली नव्हती, तेव्हा १०,७०४ रुपये खात्यात भरले आणि हप्ता गेला. ते पैसे वाया गेले नाहीत, मुदतवाढीच्या सहा महिन्यांच्या व्याजातून तेवढे कमी झाले. आधीच हप्ता चुकला असेल तरी जमेल तशी पूर्ण एका हप्त्याची रक्कम भरा. भरणा सगळ्यात जुन्या थकबाकीत जमा होतो, त्यामुळे नव्वद दिवसांची मोजणी पुढच्या हप्त्यापासून सुरू होते आणि तुम्हाला महिनाभर मिळतो. दंडाबद्दलही एक सांगतो. एप्रिल २०२४ पासून बँकेला दंडव्याज लावता येत नाही, फक्त दंडशुल्क घेता येतं, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. खात्याच्या उताऱ्यात तसं काही दिसलं तर लेखी विचारा.

मंजुरी आल्यावर वाचायच्या ओळी

२२ ऑगस्टला मंजुरीचं पत्र आलं. सहा महिने मिळाले, १२० महिन्यांची मुदतही मान्य झाली. व्याज मुद्दलात कधी मिळवणार याबद्दल मात्र पत्रात एक शब्द नव्हता. उतारा काढला तर ३१ जुलैलाच मुद्दल ८,१०,००० दाखवलेलं होतं. पुन्हा अर्ज केला, उत्तर आलं की मूळ मंजुरीच्या अटीनुसार तसंच होतं. ते साडेदहा हजार आम्हाला सोडावे लागले. पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारून त्याचं उत्तर शिफारशीत लिहून घेतलं असतं तर कदाचित वाचले असते.

आणखी एक शब्द शोधा: ‘पुनर्रचना’. योजनेतल्या तरतुदीनुसार दिलेला मोरॅटोरियम आणि आर्थिक अडचणीमुळे केलेली कर्जाची पुनर्रचना या बँकेच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुनर्रचनेची नोंद पतअहवालात राहते आणि खात्याचा दर्जा खाली जाऊ शकतो. पत्रात तो शब्द असेल तर सही करण्याआधी विचारा की हे कुठल्या कलमाखाली होत आहे. दोन महिन्यांनी स्वतःचा आणि पालकाचा पतअहवाल काढून पाहा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही

नकार तोंडी असेल तर कारणासह लेखी मागा. कारण कागदपत्रांचं असेल तर ती पुरवून पुन्हा अर्ज करा. धोरणाचं असेल तर मागणी बदला: सहा महिने फक्त व्याज भरण्याची परवानगी, जे आपल्या उदाहरणात महिन्याला ६,७५० होतं; किंवा परतफेडीची मुदत १५ वर्षं करून हप्ता सुमारे ८,७०० वर आणणं; किंवा सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारे हप्ते. पूर्ण सुटीपेक्षा या मागण्या बँकेला सोप्या वाटतात.

उत्तरच नसेल तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे आवक क्रमांकासह लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. पण तक्रार कशाची करायची हे ओळखा. कर्जाची मुदत वाढवायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो आणि त्यात लोकपाल हात घालत नाही. अर्जाची पोच न देणं, महिनोन्‌महिने उत्तर न देणं, मंजूर झालेली मुदतवाढ खात्यात न नोंदवणं, या सेवेतल्या उणिवा आहेत. तक्रार त्यांची लिहा.

सहा महिने संपत आले की

भाच्याला डिसेंबरमध्ये अंबडच्या एका कंपनीत अठरा हजारांची नोकरी लागली. त्याने ठरल्याप्रमाणे बँकेला कळवलं. जानेवारीत त्याला शाखेत पाठवलं ते एवढ्यासाठी, की हप्ता आपोआप वळता होण्यासाठी दिलेली संमती तपासावी. जुनी संमती जास्तीत जास्त ११,००० रुपयांची होती, आणि नवा हप्ता झाला होता सुमारे ११,१००. तशीच राहिली असती तर खात्यात पैसे असूनही पहिलाच हप्ता परत गेला असता आणि वर शुल्क लागलं असतं. संमतीची शेवटची तारीखही सहा महिने जुनीच होती. दोन्ही बदलून नवा फॉर्म दिला, आणि १० फेब्रुवारीला हप्ता गेला.